मारव्याच्या आलेखात षड्ज सगळ्यात उंच कसा?

आठ मिनिटांचा मारव्याचा आलाप कॉम्प्युटरला ऐकवून मी त्याचा पहिला आलेख काढला, तेव्हा सगळ्यात उंच खांब षड्जाचा आला. मारवा ज्याने चार वेळा लक्ष देऊन ऐकलाय तो इथेच हसेल. मारव्यात गवई षड्जाला शक्यतो चुकवत फिरतो. कोमल रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो आणि ‘आता तरी सा लावा’ असं ऐकणाऱ्याला वाटायला लागलं की मगच जरासा सा दाखवतो. म्हणजे एकतर गाणारा चुकला होता किंवा मी. गाणारा चुकला नव्हता.

या एका चुकीच्या खांबाच्या मागे लागूनच ही सगळी रीत मला नीट कळली, म्हणून त्याच वाटेने सांगतो.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. मारवा आणि पूरिया यांचे स्वर तेच: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नि. पंचम दोन्हीत वर्ज्य. पेटीवर बोटं ठेवायच्या जागा सारख्याच, तरी दोन्ही राग एकमेकांत मिसळत नाहीत. भातखंड्यांच्या पद्धतीत मारव्याचा वादी कोमल रिषभ आणि संवादी धैवत, तर पूरियाचा वादी गंधार आणि संवादी निषाद. थोडक्यात, गवई कुठे बसतो आणि कुठून नुसता जातो, यात फरक आहे. गवई कुठल्या स्वरावर किती वेळ होता हे मोजून मांडलं की झाला हिस्टोग्राम. मराठीत स्तंभालेख म्हणा. आडव्या अक्षावर स्वर, उभ्या अक्षावर वेळ.

हे कॉम्प्युटरशिवायही करता येतं, आणि एकदा तसंच करून पाहावं. खाली मारव्याच्या चालीवर मी मुद्दाम रचलेला ४० सेकंदांचा तुकडा आहे. कुणाचं रेकॉर्डिंग नाही, हिशेब सोपा जावा म्हणून बेतलेला आहे. आकडे सेकंदांचे.

मंद्र ध ३, मंद्र नि १, रे ६.
ग १, रे ४.
ग १, म १.५, ध ५.
म १, ग १.५, रे ५.
मंद्र नि ०.५, मंद्र ध ४, मंद्र नि ०.५, रे ३, सा २.

आता स्वरवार बेरीज करा. रिषभ १८ सेकंद, धैवत १२, गंधार साडेतीन, तीव्र मध्यम अडीच, निषाद २, षड्ज २. टक्क्यांत रिषभ ४५, धैवत ३०, आणि षड्ज जेमतेम ५. गंधार तीनदा आला, पण दर वेळी वाटसरूसारखा. याच स्वरांत तुम्ही ‘नि रे ग’ म्हणताना रिषभाला एक सेकंद दिलात आणि गंधारावर सहा सेकंद बसलात, की आलेख पूरियाकडे झुकायला लागतो. लक्षात घ्या, आपण स्वर किती वेळा आला हे मोजलं नाही, किती वेळ राहिला हे मोजलं. आलापात ताल नसतो, ओळी सारख्या लांबीच्या नसतात, त्यामुळे ‘किती वेळा’ मोजायला गेलं तर एक स्वर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला यावरच भांडण होतं. वेळ मोजताना ते भांडण टळतं. निदान पुढे ढकललं जातं.

कॉम्प्युटर हेच करतो, फक्त घड्याळ बारीक लावतो. ध्वनीच्या फाइलचे तो दर सेकंदाला साधारण ८६ नमुने तपासतो, म्हणजे साडेअकरा मिलिसेकंदांना एक, आणि प्रत्येक ठिकाणी विचारतो: आत्ता आवाजाची कंपनसंख्या किती? कंपनं ठरावीक अंतराने स्वतःची नक्कल करतात. ते अंतर सापडलं की कंपनसंख्या सापडली. YIN नावाची पद्धत २००२ साली मांडली गेली ती याच तत्त्वावर, आणि तिची सुधारलेली आवृत्ती pYIN ही librosa या मोफत पायथन लायब्ररीत तयार मिळते. प्रत्येक नमुना म्हणजे एक मत. रिषभ सहा सेकंद लावला तर रिषभाच्या खात्यात पाचशेच्या वर मतं पडतात.

पण हर्ट्झमधला आकडा गाण्याच्या कामाचा नाही. १४७ हर्ट्झ म्हणजे कुठला स्वर, हे सा कुठे आहे यावर ठरतं. गवई काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य सा १३८.६ हर्ट्झच्या आसपास असतो, आणि मग १४७ हा कोमल रिषभ. म्हणून प्रत्येक आकडा सा च्या तुलनेत सेंटमध्ये बदलून घ्यायचा. एका सप्तकाचे १२०० सेंट, पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट. सूत्र असं:

```
cents = 1200 * log2(f / sa)
```

१४७ घातलं तर उत्तर येतं १०२. २३१ हर्ट्झ घातलं तर ते सा च्या बरोबर ५/३ पट असल्यामुळे ८८४ येतं, म्हणजे धैवत. पेटीचा धैवत ९०० वर असतो, त्यामुळे तंबोऱ्याशी मिळवून लावलेला धैवत आलेखात पेटीच्या खुणेच्या किंचित डावीकडे दिसला तर दचकू नका. कप्पे दहा-दहा सेंटचे केले की सप्तकाचे १२० कप्पे होतात आणि एवढा फरक दिसण्याइतका आलेख बारीक होतो. बारा स्वरांचे बाराच कप्पे केले तर हे सगळं दडपलं जातं.

आता सा. इथे घाई करणाऱ्याची हमखास फसगत होते. कॉम्प्युटरला ‘जो खांब सगळ्यात उंच तो सा’ असं सांगायचा मोह होतो, आणि पुष्कळ रागांत ते खपूनही जातं. मारव्यात काय होईल बघा. समजा त्याने धैवतालाच सा मानलं. मग निषाद झाला त्याचा शुद्ध रिषभ, कोमल रिषभ झाला शुद्ध गंधार, गंधार झाला पंचम आणि तीव्र मध्यम झाला धैवत. सा रे ग प ध. हा तर भूप! मारव्यातला षड्ज बाजूला ठेवला की उरलेले पाच स्वर धैवतावरून मोजल्यावर हुबेहूब भूप होतात, आणि षड्ज तर गवई मुळातच कमी लावतोय. वर आपला रिषभाचा भला मोठा खांब गंधाराच्या जागी जाऊन बसतो, जो भूपाचा वादी. चुकीचा आलेख इतका शहाण्यासारखा दिसतो की शंकाही येत नाही. मारवा ऐकताना तंबोरा कानाआड झाला की पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं, त्याचं गणितही हेच आहे. कानाला धैवत सा वाटायला लागतो.

म्हणून सा अंदाजाने काढायचा नाही, तंबोऱ्यावरून काढायचा. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये गवई आवाज लावायच्या आधी पाच-दहा सेकंद नुसता तंबोरा वाजतो. तेवढाच तुकडा कापून जोडाच्या तारांची कंपनसंख्या मोजा. एका हर्ट्झची चूक झाली तर १३८.६ च्या जवळ ती साधारण १२ सेंटची पडते, म्हणजे अख्खा आलेख एका कप्प्याहून थोडा जास्त सरकतो. जुनी टेप चढ्या वेगाने वाजवून डिजिटल केली असेल तरी बिघडत नाही, कारण सा त्याच टेपवरून मोजलेला असतो. टेप मध्येच वेग बदलत असेल तर मात्र प्रत्येक खांब पसरट होतो. तेव्हा शेवटच्या मिनिटातला तंबोराही एकदा मोजून पाहावा.

सगळा कारखाना एवढाच आहे:

```python
import numpy as np, librosa

y, sr = librosa.load("marwa.wav", sr=22050)
f0, voiced, _ = librosa.pyin(y, fmin=80, fmax=450, sr=sr,
                             frame_length=2048, hop_length=256)
rms = librosa.feature.rms(y=y, frame_length=2048,
                          hop_length=256)[0]
gate = 1.5 * rms[:800].max()
ok = voiced & (rms > gate)
cents = 1200 * np.log2(f0[ok] / 138.6)
folded = (cents + 50) % 1200 - 50
hist, edges = np.histogram(folded, bins=120, range=(-50, 1150))
```

यातल्या `folded` च्या ओळीवर माझी एक संध्याकाळ गेली. तिन्ही सप्तकं एकावर एक दुमडून एकच करायची, तर नुसतं `cents % 1200` पुरेल असं वाटतं. पण गवयाचा सा काही सेंट वर-खाली हलतो. ० च्या वरचा भाग आलेखाच्या डाव्या टोकाला पडतो, खालचा भाग ११९० च्या कप्प्यात उजव्या टोकाला, आणि षड्जाचा खांब मधोमध चिरला जातो. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सा, आणि तुम्ही आपले म्हणताय, वा, मारव्यात सा किती कमी! ५० सेंट सरकवून दुमडलं की सा अखंड राहतो. ही चूक मी केली तेव्हा तिने माझी पहिली चूक अर्धवट झाकली होती. त्यामुळे दोन्ही सापडायला उशीर झाला.

आता ती पहिली चूक, षड्जाचा उंच खांब. कोडमधल्या `rms` आणि `gate` या ओळी माझ्या पहिल्या खटपटीत नव्हत्या. गवई ओळ संपवून श्वास घेतो, क्षणभर थांबतो, तेव्हा आपल्या लेखी शांतता असते. कॉम्प्युटरच्या लेखी तेव्हा तंबोरा एकटा उरतो, आणि तंबोऱ्याइतका सुरेल, स्थिर आवाज त्याला आणखी कुठे मिळणार? तो बिनदिक्कत म्हणतो: सा, सा, सा. वरच्याच ४० सेकंदांच्या तुकड्यात प्रत्येक ओळीनंतर ४ सेकंदांची विश्रांती धरा. पाच ओळी, २० सेकंद, सगळे षड्जाच्या खात्यात. मग ६० सेकंदांत षड्ज २२ आणि रिषभ १८. गायलेला षड्ज फक्त दोन सेकंदांचा, पण आलेखात तोच राजा.

हे ओळखायचं कसं? खांबाची जाडी बघा. गळ्यातला स्वर हलतो, त्यामुळे त्याचा डोंगर होतो, बुंध्याशी रुंद. तंबोऱ्याची तार जागची हलत नाही, तिची सुई होते, एक-दोन कप्प्यांत मावणारी. माझ्या आलेखात षड्जाची सुई होती आणि रिषभाचा डोंगर. दुसरी परीक्षा कानाची: षड्जाच्या खात्यात ज्या क्षणांची मतं पडली तेवढेच तुकडे काढून ऐका. मी ऐकले तेव्हा त्यांत गाणं जवळपास नव्हतंच, तंबोरा आणि श्वास होता.

उपाय म्हणून मी आवाजाच्या जोराची मर्यादा लावली. सुरुवातीच्या नऊ-एक सेकंदांत नुसता तंबोरा आहे, तेव्हा त्याचा जोर जास्तीत जास्त किती ते बघायचं आणि त्याच्या दीडपट जोर असेल तरच मत मोजायचं. (त्या नऊ सेकंदांत कुणी खाकरलं असेल तर मर्यादा भलतीच वर जाते. हेही अनुभवाचे बोल.) ही मर्यादा फुकट मिळत नाही. गवई मंद्रात खाली जाऊन धैवत अगदी हलका लावतो, तो आवाज तंबोऱ्याच्या जोराखाली गेला की तीही मतं बाद. म्हणून दीडपट हा आकडा पवित्र नाही. १.२ आणि २ घालून पाहा, खांबांचा क्रम बदलतो का बघा. बदलत असेल तर आलेखावर अजून भरवसा ठेवू नका.

आणि एक लबाडी यापेक्षा वाईट. मारव्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमात न लावता निषादात किंवा धैवतात लावतात. ती धैवतात असेल तर विश्रांतीतली काही मतं धैवतालाही पडतात. इथे कुणाला संशय येत नाही, कारण धैवत उंच यावा हीच आपली अपेक्षा असते. षड्जाची चूक मी शोधली ती उत्तर पटत नव्हतं म्हणून. धैवताच्या बाबतीत उत्तर पटलं असतं आणि मी तिथेच थांबलो असतो.

मींडेचं काय करायचं हा खरा सांगीतिक प्रश्न. गवई धैवतावरून रिषभाकडे घसरत येतो तेव्हा मधल्या सगळ्या कप्प्यांत थोडी-थोडी मतं सांडत जातात. त्यामुळे दोन खांबांमधली दरी कधी पूर्ण कोरडी नसते. हे कचरा समजून पुसून टाकावं असं मला वाटत नाही, रागाची ओढ त्यात असते. पण ‘ठहराव कुठे आहे’ एवढाच प्रश्न असेल तर वेगळी मोजणी करावी: जिथे आवाज सलग पाव सेकंद तरी ३० सेंटच्या पट्ट्यात राहिला, तेवढेच क्षण घ्यायचे. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की वाटसरू स्वर उघडे पडतात. सगळ्या मतांच्या आलेखात गंधाराला बऱ्यापैकी उंची असते, ठहरावाच्या आलेखात तो बसतो, रिषभ आणि धैवत मात्र तसेच उभे राहतात. पूरियात याच्या उलट, रिषभ बसतो.

सप्तकं दुमडायच्या आधीचा आलेखही टाकून देऊ नये. याच सहा स्वरांचा तिसरा भाऊ सोहनी, त्याचा ओढा तार षड्जाकडे. पूरिया मंद्र आणि मध्य सप्तकात रमतो. दुमडलं की हा फरक पुसला जातो. मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव आणि कौस्तुव कांती गांगुली यांनी भूप-देशकार, मारवा-पूरिया अशा सख्ख्या जोड्या घेऊन नेमकं हेच तपासलं, की स्वरांच्या वाटपावरून जोडीतले राग वेगळे ओळखता येतात का. जोडी घ्यायची ती अशी. मारवा आणि भैरव वेगळे आहेत हे सिद्ध करायला आलेख कशाला लागतो, त्यांचे स्वरच वेगळे.

दुरुस्त केलेल्या आलेखात माझा रिषभ पहिला आला, धैवत दुसरा, आणि षड्ज खाली गेला. म्हणजे मी वादी-संवादी ‘सिद्ध’ केले का? नाही. वादी म्हणजे सगळ्यात जास्त वेळ लावलेला स्वर, अशी सरळ व्याख्या शास्त्रात नाही. पूर्वांग-उत्तरांग, रागाची वेळ, अशा गोष्टीही वादीच्या निवडीत गुंतलेल्या आहेत. शिवाय संवादी म्हटला की वादीशी षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भावाने जुळणारा असावा अशी अपेक्षा. पूरियात ग आणि नि यांत ७०० सेंट, चोख जुळतं. मारव्यात कोमल रे आणि शुद्ध ध यांत ८००, जे कशातच बसत नाही, आणि हा आक्षेप मारव्याच्या वादी-संवादींवर पूर्वीपासून घेतला जातो. आलेख एवढंच म्हणतो की या गवयाने या आलापात या दोन स्वरांना सर्वांत जास्त वेळ दिला.

क्रमाची त्याला गंधवार्ता नाही, हे तर गमतीने तपासता येतं. आलापाची फाइल उलटी करा, शेवटाकडून सुरुवातीकडे. ऐकायला भुताटकी, पण आलेख जवळपास तोच येईल, कारण प्रत्येक स्वराला मिळालेला वेळ तोच आहे. (तंबोऱ्याचा जोर मोजताना मात्र मूळ सुरुवातच धरा, नाहीतर उलट्या फाइलची पहिली नऊ सेकंदं भर गाण्यातली निघायची.)

म्हणून मी आता आलेखाखाली एक छोटी नोंद हाताने करतो: प्रत्येक ओळ कुठल्या स्वरावर थांबली. वरच्या तुकड्यात ती अशी होते: रे, रे, ध, रे, सा. पाच ओळी, पाच थांबे. वेळेच्या हिशेबात षड्ज ५ टक्के, थांब्यांच्या हिशेबात पाचात एक, आणि तोही शेवटचा. आठ मिनिटांच्या आलापात ही यादी चाळीसेक थांब्यांची झाली. तीत ‘सा’ हे अक्षर शोधायला मला बोट फिरवावं लागलं.